कपबशीचे चित्रकोडे: एकच उत्तर असलेला नोनोग्राम रचण्याची आणि तपासण्याची रीत

नोनोग्राम सोडवणारे पुष्कळ असतात, पण स्वतः रचायला बसलेले बहुतेक जण एकाच ठिकाणी फसतात. चित्र सुंदर काढलेले असते, कडेच्या संख्या बिनचूक लिहिलेल्या असतात, आणि तरीही सोडवणारा वेगळेच चित्र घेऊन परत येतो. त्याचे उत्तर चूक ठरवता येत नाही, कारण कडेच्या सर्व संख्यांशी ते जुळते. अशा कोड्यात दोष रचणाऱ्याचा असतो. हा दोष कोठून येतो, तो कागद-पेन्सिलीने कसा पकडावा आणि कसा काढावा, हे या लेखात एकाच चित्राच्या आधारे पाहू. चित्र पुणेकरांच्या ओळखीचे आहे: अमृततुल्यातली वाफाळत्या चहाची कपबशी.

नियम थोडक्यात असे. चौकटीत उभी-आडवी घरे असतात आणि प्रत्येक घर रंगवलेले किंवा कोरे असते. प्रत्येक आडव्या ओळीच्या आणि उभ्या स्तंभाच्या कडेला संख्या लिहिलेल्या असतात. त्या ओळीत किंवा स्तंभात सलग रंगवलेल्या घरांचे गट किती लांबीचे आहेत आणि ते कोणत्या क्रमाने येतात, हे त्या संख्या सांगतात. दोन गटांमध्ये किमान एक कोरे घर असलेच पाहिजे. ‘७ १’ याचा अर्थ आधी सात सलग घरांचा गट, मग एक किंवा अधिक कोरी घरे, आणि मग एका घराचा गट. ही कोडी १९८० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये नॉन इशिदा आणि तेत्सुया निशिओ यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे रचली. आज ती अनेक नावांनी छापली जातात, नियम मात्र सगळीकडे हेच असतात.

## कागद, चौकट आणि पहिले चित्र

पहिल्या प्रयत्नासाठी दहा घरे रुंद आणि दहा घरे उंच चौकट घ्यावी. पाच बाय पाचच्या चौकटीत ओळखण्याजोगे चित्र बसत नाही, आणि पंधरा बाय पंधराची चौकट हाताने पुन्हा पुन्हा तपासणे कंटाळवाणे होते. अप्पा बळवंत चौकातल्या कोणत्याही दुकानात मिळणारी चौकटींची शालेय वही या कामाला पुरेशी आहे. फक्त प्रत्येक पाचव्या घरानंतर जाड रेघ मारून घ्यावी, म्हणजे मोजताना डोळा चुकत नाही.

चित्र निवडताना ते ओळखू येते की नाही, याबरोबरच आणखी एक गोष्ट पाहावी. ज्या चित्रात भरीव आणि सलग भाग मोठा असतो, त्याच्या संख्याही मोठ्या असतात, आणि मोठ्या संख्या सोडवणाऱ्याला भरपूर माहिती देतात. ज्या भागात एकेकटी सुटी घरे विखुरलेली असतात, तेथे ‘१ १’ अशा संख्या येतात आणि त्या फारच थोडे सांगतात. म्हणून पाऊस, तारे, धूर, केस, वाफ असे विरळ तपशील नोनोग्राममध्ये धोक्याचे असतात. आपल्या कपबशीत कप आणि बशी भरीव आहेत, वाफ मात्र नेमकी याच धोक्याच्या प्रकारातली आहे. हे उदाहरण त्यासाठीच घेतले आहे.

पहिला आराखडा असा झाला. उजवीकडे प्रत्येक ओळीच्या संख्या लिहिल्या आहेत.

```
□□□■□□■□□□   १ १
□□■□□■□□□□   १ १
□□□□□□□□□□   ०
□■■■■■■■■□   ८
□■■■■■■■□■   ७ १
□■■■■■■■□■   ७ १
□■■■■■■■□■   ७ १
□□■■■■■■■□   ७
□□□■■■■□□□   ४
■■■■■■■■■□   ९
```

स्तंभांच्या संख्या डावीकडून उजवीकडे अशा:

```
१ | ४ १ | १ ५ १ | १ ७ | ७ | १ ७ | १ ७ | ५ १ | १ १ १ | ३
```

वरच्या दोन ओळींत वाफेच्या दोन तिरप्या रेषा आहेत, तिसरी ओळ कोरी आहे, चौथ्या ओळीपासून कप सुरू होतो, उजवीकडे कान आहे आणि तळाशी बशी.

संख्या लिहून झाल्यावर लगेच बेरीज करून पाहावी. सर्व ओळींच्या संख्यांची बेरीज आणि सर्व स्तंभांच्या संख्यांची बेरीज सारखीच आली पाहिजे, कारण दोन्ही वेळा तीच रंगवलेली घरे मोजली जातात. येथे ओळींची बेरीज २ + २ + ० + ८ + ८ + ८ + ८ + ७ + ४ + ९ म्हणजे ५६ येते, आणि स्तंभांचीही १ + ५ + ७ + ८ + ७ + ८ + ८ + ६ + ३ + ३ म्हणजे ५६ येते. बेरीज जुळली नाही तर कोठेतरी मोजण्याची चूक नक्की आहे. जुळली तर एवढेच कळते की मोजण्याची ढोबळ चूक झालेली नाही. उत्तर एकच आहे की अनेक, याविषयी ही बेरीज काहीही सांगत नाही.

## चित्र झाकून सोडवणे

आता नव्या पानावर कोरी चौकट आखावी, कडेला फक्त संख्या उतरवाव्यात आणि मूळ चित्राचे पान दृष्टीआड करावे. आपणच काढलेले चित्र सोडवताना मन नकळत आठवणीतून घरे भरते, आणि तसे झाले की तपासणीला अर्थ उरत नाही. यावर उपाय एकच. घर रंगवताना किंवा त्यावर फुली मारताना कारण मनातल्या मनात पूर्ण वाक्यात म्हणावे, आणि त्या कारणात फक्त एका ओळीचा किंवा एका स्तंभाचा आणि तेथे आधीच ठरलेल्या घरांचाच उल्लेख असावा. असे वाक्य तयार होत नसेल तर ते घर तसेच सोडावे. नक्की कोरे ठरलेल्या घरावर फुली मारणे विसरू नये. रंगवलेल्या घरांइतकीच माहिती फुल्या देतात.

एकेका ओळीकडे पाहताना दोन युक्त्या सतत लागतात. पहिली युक्ती गटांना लागणारी एकूण जागा मोजण्याची आहे. ‘१ ७’ या गटांना १ + ७ आणि मधले एक कोरे घर अशी नऊ घरे लागतात. उपलब्ध घरे दहा असल्याने एका घराची मोकळीक उरते. गटाच्या लांबीतून ही मोकळीक वजा केली की त्या गटाची नक्की रंगवलेली घरे मिळतात: सातमधून एक वजा केला की सहा. सातचा गट शक्य तितका वर सरकवला तर तिसऱ्या ओळीपासून नवव्या ओळीपर्यंत येतो, खाली सरकवला तर चौथ्यापासून दहाव्यापर्यंत; दोन्ही वेळा चौथी ते नववी ही घरे रंगतातच. मोकळीक शून्य असेल तर सगळी ओळ एका फटक्यात सुटते, आणि मोकळीक गटाच्या लांबीइतकी किंवा त्याहून जास्त असेल तर त्या गटाविषयी अद्याप काहीच कळत नाही.

दुसरी युक्ती फुल्यांची आहे. फुल्यांमुळे ओळीचे तुकडे पडतात, आणि एखादा गट कोणत्या तुकड्यात मावतो व कोणत्यात मावत नाही, हे पाहता येते.

या दोन युक्त्यांनी आराखडा सोडवू. तिसऱ्या ओळीची संख्या शून्य आहे, म्हणून तेथे दहाही घरांवर फुल्या. त्यामुळे प्रत्येक स्तंभाचे दोन तुकडे झाले: वर दोन घरे, खाली सात. पाचव्या स्तंभातला सातचा गट वर मावत नाही, तेव्हा तो खालची सातही घरे व्यापतो. चौथ्या, सहाव्या आणि सातव्या स्तंभात ‘१ ७’ आहे. तेथेही सात खाली बसतो आणि एकचा गट वरच्या दोन घरांपैकी एकात जातो. तिसऱ्या स्तंभात ‘१ ५ १’ आहे. पाच आणि एक यांना मधल्या कोऱ्या घरासह बरोबर सात घरे लागतात, म्हणजे ते खालचा तुकडा पूर्ण भरतात आणि पहिला एक वर ढकलला जातो. आठव्या स्तंभाचे ‘५ १’ अशाच रीतीने खाली बसतात.

पाचव्या, सहाव्या आणि सातव्या ओळीत ‘७ १’ आहे. सातचा गट पहिल्या घरापासून धरला तर आठवे घर कोरे ठेवावे लागते, पण आठवा स्तंभ तेथे आधीच रंगलेला आहे. म्हणून सातचा गट दुसऱ्या ते आठव्या घरात आणि एकचा गट दहाव्या घरात. याबरोबर दहाव्या स्तंभाचा तीनचा गट पूर्ण झाला आणि त्यातली उरलेली घरे कोरी ठरली. मग दहाव्या ओळीतला नऊचा गट डावीकडे, पहिल्या ते नवव्या घरात बसतो, पहिल्या स्तंभाचा एकमेव गट तेथेच संपतो, चौथ्या ओळीतल्या आठच्या गटाला दुसरे ते नववे एवढीच घरे उरतात. दुसऱ्या स्तंभात चारचा गट चौथ्या ते सातव्या ओळीत पूर्ण झाल्याने आठव्या ओळीतले दुसरे घर कोरे, म्हणून त्या ओळीतला सातचा गट तिसऱ्या ते नवव्या घरात. नवव्या ओळीचे चार मधल्या घरांत आधीच दिसत आहेत. नवव्या स्तंभाचे तिन्ही एकही सापडले.

येथवर शंभरपैकी ब्याण्णव घरे ठरली आणि काम थांबले. उरलेली आठ घरे म्हणजे वरच्या दोन ओळींतली तिसरी, चौथी, सहावी आणि सातवी घरे, अर्थात आपली वाफ.

## अडकण्याचे कारण

तिसऱ्या आणि चौथ्या स्तंभाला वरच्या दोन ओळींत प्रत्येकी एक घर हवे आहे. आपल्या चित्रात पहिल्या ओळीत चौथे घर आणि दुसऱ्या ओळीत तिसरे घर रंगवलेले आहे. आता ही दोन घरे कोरी करून त्याच चौकोनाचे दुसरे दोन कोपरे, म्हणजे पहिल्या ओळीतले तिसरे आणि दुसऱ्या ओळीतले चौथे घर, रंगवले तर काय बदलते? प्रत्येक ओळीत एक घर गेले आणि एक आले, प्रत्येक स्तंभातही तेच झाले, आणि कोणतेही घर दुसऱ्या रंगवलेल्या घराला जाऊन चिकटले नाही. कडेची एकही संख्या हलली नाही. या चार कोपऱ्यांच्या रचनेला आपण अदलाबदलीचा चौकोन म्हणू. सहाव्या आणि सातव्या स्तंभात असाच दुसरा चौकोन आहे, आणि तो पहिल्यापासून स्वतंत्रपणे बदलता येतो. दोन चौकोनांच्या प्रत्येकी दोन स्थिती, म्हणजे या आराखड्याला एकूण चार उत्तरे आहेत.

हे कळल्यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे वाफेच्या रेषा थोड्या सरकवणे: दुसऱ्या ओळीत सहाव्याऐवजी आठवे घर रंगवावे. त्याने काहीच साधत नाही. आता सातवा आणि आठवा स्तंभ मिळून तोच चौकोन तयार होतो. दुसरा सोपा उपाय म्हणजे रेषा तिरप्या न ठेवता सरळ उभ्या करणे. दोन्ही ओळींत चौथे आणि सातवे घर रंगवले की त्या स्तंभांच्या संख्या ‘२ ७’ होतात, मोकळीक शून्य होते आणि उत्तर एकच उरते. पण वाफेऐवजी कपात दोन उदबत्त्या खोचल्यासारखे दिसते. कोड्याचे उत्तर एकच असणे आवश्यक आहे, तसेच चित्र चित्रासारखे दिसणेही आवश्यक आहे, त्यामुळे हा उपाय मी घेणार नाही.

तिसरा उपाय अधिक शिकवणारा आहे. पहिल्या ओळीत पाचवे घर जादा रंगवून वाफेची डावी रेषा जाड करावी.

```
□□□■■□■□□□   २ १
□□■□□■□□□□   १ १
```

आता पहिल्या ओळीची संख्या ‘२ १’ होते आणि पाचव्या स्तंभाची ‘१ ७’. अदलाबदलीचे चौकोन शोधून पाहिले तर एकही सापडत नाही. पहिल्या ओळीतले चौथे आणि दुसऱ्या ओळीतले तिसरे घर यांची अदलाबदल केली तर पहिल्या ओळीत तिसरे, पाचवे आणि सातवे घर रंगते, म्हणजे ‘१ १ १’ होते, आणि ते संख्येशी विसंगत आहे. पहिल्या ओळीतले सातवे आणि दुसऱ्या ओळीतले सहावे घर बदलले तर पहिल्या ओळीत तीनचा सलग गट होतो. बाकीच्या जोड्याही अशाच बाद होतात. येथे रचणाऱ्याला वाटते की दोष गेला.

चित्र झाकून पुन्हा सोडवले की वेगळे कळते. खालचा भाग पूर्वीसारखाच सुटतो. वरच्या दोन ओळींत तिसऱ्या ते सातव्या स्तंभातली घरे उरतात. पहिल्या ओळीतला दोनचा गट तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या घरांत बसू शकतो. दोन्ही वेळा चौथे घर रंगते, म्हणून ते नक्की झाले, आणि त्याखालचे दुसऱ्या ओळीतले घर कोरे ठरले. पुढे मात्र एकाही ओळीवरून किंवा स्तंभावरून काही कळत नाही.

अशा वेळी एक घर निवडून गृहीत धरण्याची चाचणी करावी. पहिल्या ओळीतले तिसरे घर रंगवलेले आहे असे धरू. मग दोनचा गट तिसऱ्या-चौथ्या घरांत पूर्ण झाला, पाचवे घर कोरे, म्हणून पाचव्या स्तंभाचे घर दुसऱ्या ओळीत. दुसऱ्या ओळीत पाचव्याला लागून सहावे घर रंगवता येत नाही, म्हणून सहाव्या स्तंभाचे घर पहिल्या ओळीत, आणि त्यामुळे सातव्याचे दुसऱ्या ओळीत. पहिली ओळ ‘२ १’, दुसरी ‘१ १’: सगळे जुळले. आता उलट, ते तिसरे घर कोरे आहे असे धरू. मग दोनचा गट चौथ्या-पाचव्या घरांत, सहावे घर कोरे, सातवे रंगवलेले, आणि दुसऱ्या ओळीत तिसरे व सहावे. हे आपले मूळ चित्र, आणि तेही जुळते. म्हणजे चाराची दोन उत्तरे झाली, पण एक झाले नाही. या दोन उत्तरांत आठ घरे एकाच वेळी बदलतात, त्यामुळे चार कोपरे शोधणाऱ्या डोळ्याला तो बदल दिसत नाही.

म्हणून चित्राकडे पाहून अदलाबदलीचे चौकोन शोधणे हे दोष लवकर पकडण्याचे साधन आहे, दोष नसल्याचा पुरावा ते कधीच होत नाही. पुरावा मिळतो तो फक्त कोऱ्या चौकटीवर, संख्यांवरून शेवटपर्यंत सोडवल्यावर.

## दुरुस्त चित्र

वाफेला दोन ओळी अपुऱ्या पडत आहेत. तीन ओळी दिल्या तर तिची नागमोडी रेषा पुन्हा मूळ स्तंभात परत येते आणि त्या स्तंभाला वर एकाऐवजी दोन गट मिळतात. तीन घरांत ‘१ १’ बसवण्याची रीत एकच आहे. ही जादा ओळ आणायची कोठून, तर कपाच्या उंचीतून. कप एका ओळीने बुटका केला की चित्र असे होते.

```
□□□■□□■□□□   १ १
□□■□□■□□□□   १ १
□□□■□□■□□□   १ १
□□□□□□□□□□   ०
□■■■■■■■■□   ८
□■■■■■■■□■   ७ १
□■■■■■■■□■   ७ १
□□■■■■■■■□   ७
□□□■■■■□□□   ४
■■■■■■■■■□   ९
```

```
१ | ३ १ | १ ४ १ | १ १ ६ | ६ | १ ६ | १ १ ६ | ४ १ | १ १ १ | २
```

दोन्ही बाजूंनी बेरीज ५० येते. चित्रातली वाफ आधीपेक्षा खरी वाटते, आणि अमृततुल्यातला कप तसाही बुटकाच असतो.

बदल वरच्या भागात केला असला तरी सोडवून पाहणे संपूर्ण चौकटीचे करावे लागते, कारण कपाची उंची बदलल्याने जवळजवळ सर्व स्तंभांच्या संख्या बदलल्या आहेत. चौथ्या आणि सातव्या स्तंभात ‘१ १ ६’ आहे: १ + १ + ६ आणि मधली दोन कोरी घरे मिळून बरोबर दहा. मोकळीक शून्य, म्हणून हे दोन्ही स्तंभ पूर्ण सुटले. पहिले, तिसरे आणि पाचवे ते दहावे घर रंगवलेले, दुसरे आणि चौथे कोरे. चौथी ओळ शून्याची, तेथे सर्वत्र फुल्या. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीचे ‘१ १’ चौथ्या आणि सातव्या घरांत पूर्ण झाले, म्हणून त्या ओळींत बाकी सर्व फुल्या.

आता सहावा स्तंभ पाहावा. त्यात पहिले, तिसरे आणि चौथे घर कोरे आहे. सहाचा गट खालच्या सहा घरांतच मावतो, आणि त्याच्या आधीच्या एकाला वर फक्त दुसऱ्या ओळीतले घर मोकळे आहे. तिसऱ्या स्तंभाच्या ‘१ ४ १’ ला आठ घरे लागतात. खालच्या तुकड्यात सहाच घरे आहेत, म्हणून पहिला एक दुसऱ्या ओळीत जातो आणि ‘४ १’ खालची सहा घरे नेमकी व्यापतात. दुसऱ्या ओळीचे दोन्ही एक मिळाले. ज्या वाफेपाशी आधी काम अडले होते, ती आता कप सुटण्याच्याही आधी सुटली. पाचव्या स्तंभाचा सहाचा गट खाली. आठव्या स्तंभाचे ‘४ १’ खालच्या सहा घरांत.

पुढचा क्रम पहिल्या आराखड्यासारखाच आहे, पण तो गृहीत न धरता एकदा म्हणून पाहावा. नवव्या ओळीत चौथे ते सातवे घर रंगलेले आहे आणि चारचा गट पूर्ण आहे. सहाव्या आणि सातव्या ओळीत आठवे घर रंगलेले असल्याने सातचा गट दुसऱ्या ते आठव्या घरात, एकचा दहाव्यात. दहाव्या स्तंभाचे दोन पूर्ण झाले, म्हणून दहाव्या ओळीतले शेवटचे घर कोरे आणि नऊचा गट पहिल्यापासून नवव्यापर्यंत. पहिल्या स्तंभाचा एक संपला, त्यामुळे पाचव्या ओळीचे दोन्ही टोकांचे घर कोरे आणि आठचा गट दुसऱ्या ते नवव्यात. दुसऱ्या स्तंभात तीनचा गट पाचव्या ते सातव्या ओळीत पूर्ण, आठव्या ओळीत फुली, म्हणून आठव्या ओळीतला सातचा गट तिसऱ्या ते नवव्यात. शंभरही घरे ठरली आणि नवव्या स्तंभाचे ‘१ १ १’ जुळले.

प्रत्येक घर सक्तीने ठरले, कोठेही अंदाज लागला नाही. म्हणून दुसरे उत्तर असूच शकत नाही. यापलीकडे वेगळ्या पुराव्याची गरज नाही. लक्षात ठेवण्याजोगी बाब अशी की बशी आणि कपाचा वरचा काठ कोणत्या बाजूला सरकतो, याचा निर्णय कानाच्या दोन घरांनी केला. कान काढून टाकावा असे कोणी सुचवले, तर ही तपासणी पहिल्यापासून करावी लागेल.

## अडकले, पण उत्तर एकच असेल तर

एकेक ओळ पाहून कोडे पूर्ण सुटले तर उत्तर एकच, हे पक्के. याच्या उलट मात्र खरे नाही. कोडे अडकले म्हणून उत्तरे अनेक असतीलच असे नाही. काही कोड्यांत उत्तर एकच असते, पण तेथे पोचायला दोन-तीन ओळींचा एकत्र विचार करावा लागतो. हा फरक ओळखण्याची रीत वर वापरलेली गृहीत धरण्याची चाचणीच आहे. न ठरलेले एक घर रंगवलेले मानून पुढे जावे. विसंगती आली, म्हणजे एखाद्या ओळीत गटाला जागाच उरली नाही किंवा जादा गट तयार झाला, तर ते घर नक्की कोरे आहे; ते तसे नोंदवून पुन्हा नेहमीच्या रीतीने पुढे जावे. दोन्ही शक्यता शेवटपर्यंत जुळल्या तर दोन उत्तरे हातात आली आणि चित्र बदलावेच लागेल. एकही शक्यता विसंगत ठरत नाही आणि चौकटही भरत नाही, अशी स्थिती आली तर पहिल्या गृहीताच्या आत दुसरे घर गृहीत धरावे लागते, आणि तेथे हाताने हिशेब ठेवणे कठीण होत जाते. हे निव्वळ आळसाचे कारण नाही: एखाद्या नोनोग्रामला दिलेल्या उत्तराखेरीज दुसरे उत्तर आहे का, हा प्रश्न सर्वसाधारणपणे अवघड गणनांच्या वर्गात मोडतो, हे उएदा आणि नागाओ या जपानी अभ्यासकांनी १९९६ मध्ये दाखवले आहे.

नवख्या रचनाकाराने याबाबत सरळ धोरण ठेवावे असे माझे मत आहे. एकेका ओळीवरून न सुटणारे कोडे, उत्तर एकच असले तरी, सध्या बाजूला ठेवावे आणि चित्रात बदल करावा. सोडवणाऱ्याला गृहीत धरायला लावणारे कोडे त्याला सदोष कोड्यासारखेच वाटते. दोन्ही वेळा तो एकाच जागी, तशाच कारणाने थांबलेला असतो, आणि रचणाऱ्याने तपासणी केली होती की नाही हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो.

बदल करताना न ठरलेली घरे कोठे उरली आहेत, तेथेच पाहावे. त्या भागातले एखादे सुटे घर शेजारच्या गटाला जोडावे, किंवा वर केले तसे एका स्तंभाला आणखी एक गट देऊन त्याची मोकळीक कमी करावी. दोन स्तंभांच्या संख्या सारख्या असतील आणि दोन्ही त्याच दोन ओळींत अडलेले असतील, तर आधी त्यांपैकी एकाची संख्या बदलून पाहावी. एका वेळी एकच बदल करावा, त्या ओळीच्या आणि त्या स्तंभाच्या संख्या लगेच दुरुस्त कराव्यात, आणि बेरीज पुन्हा जुळवावी. दोन-तीन बदल एकदम केले की नवा दोष कोणत्या बदलाने आला, हे शोधण्यात जुन्याहून जास्त वेळ जातो.

शेवटी स्वच्छ प्रत करताना संख्या मूळ चित्रावरून पुन्हा मोजू नयेत. ज्या पानावर कोडे यशस्वीपणे सुटले त्याच पानावरून उतरवाव्यात. स्तंभांच्या संख्या चौकटीच्या वर, तिच्या कडेला टेकवून लिहाव्यात, आणि शून्याच्या ओळीपाशी ० स्पष्ट लिहावा, कारण रिकामी जागा पाहून सोडवणाऱ्याला ती छपाईची चूक वाटू शकते. प्रत तयार झाल्यावर चित्र न पाहिलेल्या एका व्यक्तीला पेन्सिल देऊन ती सोडवायला सांगावी, कोड्याचे नाव सांगू नये, आणि तिने कोणत्या घरापाशी खोडरबर हातात घेतला एवढे टिपून ठेवावे.